पंप कमी पडतोय, की पाइपलाइन जास्त मागतेय? एका तक्रारपत्राची तपासणी

आधी हे पत्र वाचा. एका कापड प्रोसेसिंग कारखान्याच्या मालकाने पंप पुरवठादाराला लिहिलेलं. (पत्र आणि आकडे मी या पोस्टसाठी रचलेत, पण अशी पत्रं औद्योगिक वसाहतीत कुठेही सापडतील.)

> महोदय,
> आपण पुरवलेला सेंट्रिफ्यूगल पंप बसवून तीन आठवडे झाले. ऑर्डरमध्ये ताशी १०० घनमीटर फ्लो व ४० मीटर हेड असे ठरले होते. प्रत्यक्षात फ्लो ८६ च्या वर जात नाही. डिलिव्हरी गेजवर प्रेशर साडेतीन किलोच दिसते, म्हणजे हेड फक्त ३५ मीटर. फ्लोही कमी आणि हेडही कमी. आमच्या मशीनना पाणी पुरत नाही. आठ दिवसांत पंप बदलून द्यावा व झालेले संपूर्ण नुकसान भरून द्यावे. अन्यथा बिलाची राहिलेली १० टक्के रक्कम मिळणार नाही.

पुरवठादाराचं उत्तर दोन ओळींचं: "पंप टेस्ट होऊनच आपल्याकडे आलेला आहे. आपल्या पाइपलाइनचा रोध जास्त असल्याने फ्लो कमी मिळत आहे."

आता सांगा, कोण खरं बोलतंय? या पत्रावरून ते ठरवता येत नाही. मालकाचा राग खरा आहे, आकडेही त्याने प्रामाणिकपणे वाचलेत. पण पत्रातला दावा आहे "पंप कमी आहे" असा, आणि पुरावा दिलाय "पाणी कमी येतंय" याचा. या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कसा सोडवायचा, ते या पोस्टमध्ये पायरी पायरीने बघू.

१०० घनमीटर हा आकडा एकट्या पंपाचा नसतो

सेंट्रिफ्यूगल पंप ठरलेलं पाणी मोजून देत नाही. तो एक कर्व्ह घेऊन येतो: फ्लो कमी असेल तर हेड जास्त, फ्लो वाढला की हेड उतरतं. आपल्या पंपाचा कॅटलॉगमधला कर्व्ह, २९०० आरपीएमला, साधारण असा धरू:

```
H = 50 - 0.001 Q²
```

Q म्हणजे ताशी घनमीटर, H म्हणजे मीटरमधलं हेड. Q शून्य असताना ५० मीटर, १०० असताना ४० मीटर. ऑर्डरमधला ड्यूटी पॉइंट बरोबर या कर्व्हवर बसतो.

पाइपलाइनचाही स्वतःचा एक कर्व्ह असतो. पाणी संपमधून वरच्या टाकीत चढवायला २२ मीटर लागतात, मग फ्लो कितीही असो. त्यात पाइप, बेंड आणि व्हॉल्व्हमधलं घर्षण मिळवायचं. ते साधारण फ्लोच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कारखान्याच्या सल्लागाराने १०० घनमीटरला १८ मीटर घर्षण धरलं होतं:

```
H = 22 + 0.0018 Q²
```

दोन्ही कर्व्ह जिथे छेदतात तिथे पंप चालतो. कागदावर तो बिंदू १०० आणि ४० असा येतो. प्रत्यक्षात फ्लो कमी आला, तर दोनच शक्यता: पंपाचा कर्व्ह खाली सरकलाय, किंवा पाइपलाइनचा कर्व्ह वर गेलाय. (तिसरी शक्यता म्हणजे दोन्ही. तिच्याकडे शेवटी येऊ.)

आता मुद्द्याचं बघा. दोष फक्त पाइपलाइनचा असेल तर चालू बिंदू पंपाच्या कर्व्हवरूनच डावीकडे सरकेल. म्हणजे फ्लो कमी होईल आणि हेड वाढेल. ८६ ला कर्व्ह ४२.६ मीटर सांगतो. त्यामुळे "फ्लोही कमी, हेडही कमी" हे मालकाचं वाक्य खरंच वजनदार आहे. ते खरं ठरलं तर बिंदू कर्व्हच्या खाली आहे, आणि पुरवठादाराचं "पाइपलाइनचा रोध" हे उत्तर तेवढ्याने पुरत नाही.

पण हेड ३५ आहे का? इथे पत्र घसरतं.

डिलिव्हरी गेज म्हणजे हेड नव्हे

पंपाचं हेड म्हणजे पंपाने पाण्याला दिलेली एकूण वाढ: बाहेर पडतानाची ऊर्जा वजा आत शिरतानाची. डिलिव्हरी गेज फक्त बाहेरची बाजू दाखवतो. हा पंप संपमधून पाणी वर खेचतो, म्हणजे सक्शनला निर्वात आहे. ते काम पंपच करतोय आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मालकाने मग व्हॅक्यूम गेज लावला आणि सगळं एकाच वेळी, पंप स्थिर चालत असताना, पुन्हा वाचलं. हिशोब असा झाला:

- डिलिव्हरी गेज ३.५ किलो, म्हणजे ३५.० मीटर
- सक्शनला २५० मिलिमीटर पारा निर्वात, म्हणजे ३.४ मीटर
- दोन गेजच्या उंचीतला फरक ०.६ मीटर
- सक्शन पाइप १२५ मिलिमीटरचा, डिलिव्हरी १०० चा. त्यामुळे वेग वाढतो, त्याचे ०.३ मीटर

एकूण हेड ३९.३ मीटर. पत्रातल्या आकड्यापेक्षा सव्वाचार मीटरने जास्त! "३५" हा आकडा तसाच राहिला असता, तर पुरवठादाराच्या इंजिनिअरने पाच मिनिटांत तो खोडला असता, आणि एक आकडा खोडला गेला की अख्खं पत्र पडतं.

तरीही ३९.३ हे ४२.६ पेक्षा कमीच आहे. तक्रारीत तथ्य आहे, फक्त तिचा आकार बदलला.

स्पीड मोजल्याशिवाय तुलना करू नका

कर्व्ह २९०० आरपीएमचा आहे. साइटवर मोटर किती फिरत होती? टॅकोमीटरने २९३५ दाखवले. फ्लो स्पीडच्या प्रमाणात बदलतो, हेड स्पीडच्या वर्गाच्या. २९०० ला आणलं तर ८६ चा फ्लो ८५ होतो आणि ३९.३ चं हेड ३८.४. कर्व्ह ८५ ला ४२.८ सांगतो. तूट ४.४ मीटर, म्हणजे सुमारे १० टक्के.

गंमत अशी की या दुरुस्तीमुळे मालकाची बाजू आणखी भक्कम झाली. पंप वचनापेक्षा जरा जास्त वेगाने फिरूनही कमी पडत होता. पण स्पीड २८६० निघाला असता, तर हीच दुरुस्ती पुरवठादाराच्या बाजूने गेली असती आणि तूट निम्म्याच्या आसपास उरली असती. निकाल कुणाकडे झुकेल ते आधी माहीत नसतं, म्हणून मोजायचं.

फ्लोमीटरच चुकीचा असेल तर?

हा पुरवठादाराचा पुढचा प्रश्न असणार, आणि तो रास्त आहे. बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर बेंडच्या किंवा व्हॉल्व्हच्या जवळ लावला, पाइप आतून गंजलेला असला किंवा पाइपची जाडी चुकीची भरली, तर तो सहज काही टक्क्यांनी चुकतो. त्याच्या आधी पाइपच्या व्यासाच्या निदान दहापट सरळ लांबी असावी असा साधारण दंडक आहे.

याला उत्तर दोन प्रकारे देता येतं.

पहिलं उत्तर गणिताचं. समजा पंप ठीकच आहे आणि मीटरच चुकतोय. मग ३८.४ मीटर हेडला वचनातल्या कर्व्हवर फ्लो किती हवा? हिशोब केला तर १०८ येतो. म्हणजे खरा फ्लो १०८ असताना मीटरने ८५ दाखवायला हवा. एवढी चूक मीटर नीट बसवला असेल तर होत नाही. "मीटर अचूक आहे" असं म्हणण्यापेक्षा "निष्कर्ष उलटायला मीटर इतका चुकावा लागेल" असं म्हणणं कितीतरी पक्कं.

दुसरं उत्तर प्रयोगाचं, आणि मला ते जास्त आवडतं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह हळूहळू पूर्ण बंद करा. फ्लो शून्य, म्हणजे फ्लोमीटरचा प्रश्नच मिटला. या स्थितीतल्या हेडला शट-ऑफ हेड म्हणतात. अर्ध्या मिनिटात गेज वाचून व्हॉल्व्ह लगेच उघडायचा, कारण आतलं पाणी तापत राहतं. (हे अशा सेंट्रिफ्यूगल पंपाला चालतं, तिथे शट-ऑफला पॉवर सगळ्यात कमी लागते. ॲक्सियल फ्लो पंपावर हे कधीही करू नका, मोटर ओव्हरलोड होईल.)

साइटवर शट-ऑफला डिलिव्हरी ४.३५ किलो आणि सक्शन १९० मिलिमीटर पारा मिळाला. एकूण हेड ४६.७ मीटर, आणि २९०० ला आणल्यावर ४५.६. वचन होतं ५० चं. तूट पुन्हा ४.४ मीटर!

गेजची चूक किती असू शकते? शून्य ते सात किलोचा, १.६ क्लासचा गेज पूर्ण स्केलच्या १.६ टक्के चुकू शकतो. म्हणजे सव्वा मीटरच्या आतच. ४.४ ची तूट त्यात मावत नाही.

या चाचणीने आणखी एक गोष्ट साधली. फ्लो शून्य असताना सक्शन पाइपमध्ये घर्षण नसतं आणि कॅव्हिटेशनची शक्यता जवळपास संपते. तूट जर सक्शनमुळे असती, तर ती जास्त फ्लोला मोठी आणि शट-ऑफला नाहीशी झाली असती. इथे ती दोन्हीकडे सारखीच आहे. अख्खा कर्व्हच खाली बसलाय.

कारण शोधताना पॉवर बघा

सारखी तूट म्हटल्यावर दोन संशयित पुढे येतात. एक, इंपेलर ठरल्यापेक्षा लहान व्यासाचा आहे. पुरवठादार एकाच केसिंगमध्ये वेगवेगळ्या ड्यूटीसाठी इंपेलर कापून बसवतात, त्यामुळे दुसऱ्या ऑर्डरचा इंपेलर इकडे येणं अशक्य नाही. दोन, वेअर रिंगमधली फट जास्त आहे आणि पाणी आतल्या आत परत फिरतंय. (पंप उलटा फिरतोय का आणि केसिंगमध्ये हवा अडकलीय का, हे सगळ्यात आधी बघून झालेलं असावं. बाण बघायचा, एअर कॉक उघडायचा, पुन्हा वाचायचं.)

हे दोघे हेडवरून ओळखता येत नाहीत, पॉवरवरून येतात. पाणी आत फिरत असेल तर पंप त्या पाण्यावरही ऊर्जा खर्च करतो, म्हणजे हेड घटतं पण पॉवर तितकी घटत नाही. इंपेलर लहान असेल तर तो मुळात पाण्याला कमी ऊर्जा देतो, म्हणजे पॉवरही सोबत उतरते.

पॉवर मीटरवर मोटरचा इनपुट १३.५ किलोवॉट मिळाला. मोटरची कार्यक्षमता ९२ टक्के धरली तर शाफ्टवर १२.४, आणि २९०० ला आणून १२.० किलोवॉट. कॅटलॉगप्रमाणे ८५ घनमीटरला १३.४ लागायला हवेत. पॉवरही साधारण १० टक्क्यांनी कमी. बोट इंपेलरकडे जातं.

शट-ऑफ हेड व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं असं ढोबळ धरलं, तर ५० चे ४५.६ व्हायला व्यास साडेचार टक्क्यांनी लहान हवा. १९५ मिलिमीटरच्या जागी १८६ च्या आसपास. पण हा तर्क आहे, माप नाही. पत्रात "तुम्ही लहान इंपेलर बसवलात" असं लिहायचं नाही. "इंपेलर आपल्या प्रतिनिधीसमोर काढून मोजावा" असं लिहायचं.

टॉलरन्स: वचन किती ताणता येतं

पंपाच्या स्वीकृती चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ९९०६ आहे. त्यात ग्रेड आहेत आणि प्रत्येक ग्रेडला सूट आहे: १बी ला फ्लोमध्ये ५ आणि हेडमध्ये ३ टक्के, २बी ला ८ आणि ५, ३बी ला ९ आणि ७. त्यामुळे ड्यूटी पॉइंटच्या किंचित खाली असलेला पंप करारानुसार "पास" असू शकतो. कोणता ग्रेड ते ऑर्डरमध्ये लिहिलेलं असायला हवं. नसेल तर वाद तिथूनच सुरू होतो.

आपला पंप? मोजलेला कर्व्ह १०० पर्यंत वाढवला तर हेड ३५.६ येतं, म्हणजे ११ टक्के कमी. सगळ्यात ढिल्या ३बी मध्येही बसत नाही. पण "वाढवला तर" हे शब्द सोडू नका. साइटवर १०० ला पंप चाललाच नाही, आणि साइटवरची मापं ही स्वीकृती चाचणी नव्हे. ती फक्त एवढं दाखवतात की साक्षीदारासह बेंचवर पुन्हा चाचणी मागायला पुरेसं कारण आहे.

आता तिसरी शक्यता

पाइपलाइनचा अंदाज आठवा. सल्लागाराच्या सूत्राने ८६ ला ३५.३ मीटर पुरायला हवे होते. पंप तर तिथे ३९.३ देतोय. म्हणजे पाइपलाइन खरंच अंदाजापेक्षा जास्त मागतेय, घर्षण जवळपास ३० टक्क्यांनी जास्त आहे. पुरवठादार त्या मुद्द्यावर खोटं बोलत नव्हता.

मग पंप अगदी वचनाप्रमाणे असता तर या पाइपलाइनमध्ये किती फ्लो मिळाला असता? खरी पाइपलाइन आणि वचनातला कर्व्ह, साइटच्या २९३५ स्पीडला छेदून बघा: सुमारे ९३. म्हणजे १४ घनमीटरच्या तुटीपैकी ७ पंपाचे आणि ७ पाइपलाइनचे.

मालकाला हे ऐकायला आवडणार नाही. पण पहिलं पत्र तसंच पुढे नेलं असतं, तर नवा पंप आल्यावरही फ्लो ९३ वरच अडकला असता. मग पुरवठादार म्हणाला असता, "बघा, पंप बदलूनही तेच!" आणि खरी असलेली अर्धी तक्रारही गेली असती.

दुसरं पत्र

> महोदय,
> आपल्या पंपाचा करारातील ड्यूटी पॉइंट: ताशी १०० घनमीटर, ४० मीटर, २९०० आरपीएम, आयएसओ ९९०६ ग्रेड २बी.
> साइटवर दोन बिंदू मोजले. सर्व आकडे २९०० आरपीएमला आणले आहेत. ८५ घनमीटरला हेड ३८.४ मीटर (आपला कर्व्ह: ४२.८). शट-ऑफला ४५.६ मीटर (आपला कर्व्ह: ५०). शाफ्ट पॉवर सुमारे १० टक्के कमी. मूळ वाचने, गेजच्या जागा व मीटरची जागा सोबतच्या तक्त्यात दिली आहे. फिरण्याची दिशा व हवा तपासली आहे.
> आमच्या पाइपलाइनचा रोध अंदाजापेक्षा जास्त असल्याचे याच मोजणीत दिसते. त्याची जबाबदारी आमची आहे व ते काम आम्ही करत आहोत. प्रस्तुत तक्रार फक्त पंपाच्या कर्व्हबद्दल आहे.
> विनंती: (१) आपला प्रतिनिधी पाठवून मोजणी पुन्हा करावी, (२) त्याच्यासमोर इंपेलरचा व्यास व वेअर रिंगची फट मोजावी, (३) या पंपाच्या क्रमांकाचा मूळ टेस्ट रिपोर्ट द्यावा, (४) तूट सिद्ध झाल्यास योग्य इंपेलर बसवून साक्षीदारासह चाचणी द्यावी. पंप सध्या नाइलाजाने वापरात आहे. त्याचा अर्थ आम्ही तो स्वीकारला असा होत नाही.

शेवटचं वाक्य शोभेला नाही. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे माल नाकारल्याचं न कळवता वाजवी काळापेक्षा जास्त ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. त्यानंतर साधारणपणे माल परत करता येत नाही. कलम ५९ खाली किमतीत कपात किंवा नुकसानभरपाई एवढाच मार्ग उरतो. पंप वापरत राहणं स्वतःच स्वीकृतीसारखं दिसू शकतं, त्यामुळे एका वाक्यावर पूर्ण विसंबू नये, पण पत्र लवकर जायला हवं. नेमकं पत्र लिहायला लागणारी मोजणी एका दिवसाची आहे, तीन महिन्यांची नाही.

दोन्ही पत्रं शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्यात मागणी लहान झालीय: "संपूर्ण नुकसान" गेलं, अर्धी तूट स्वतःकडे घेतली. पण पुरवठादाराला आता "पाइपलाइनचा रोध" म्हणून सुटता येत नाही, कारण पाइपलाइनचा हिस्सा आधीच वजा केलेला आहे. त्याला इंपेलर काढून मोजावाच लागेल.

सरावासाठी एक प्रश्न. समजा शट-ऑफ हेड बरोबर ५० आलं असतं, पण ८५ ला तूट ४.४ च राहिली असती. मग तुमचा पहिला संशय कशावर गेला असता, आणि पुढचं माप कोणतं घेतलं असतं? उत्तर कॉमेंटमध्ये लिहा. कारणासकट लिहा, नुसतं नाव नको.